आयेल्ट्स झाल्यावर इंग्रजीच्या मॅडमना आभाराचं पत्र: एक नमुना आणि तो कसा लिहिला ते

रिझल्ट बघितला, घरच्यांना सांगून झालं आणि मग मॅडमना कळवायचं म्हणून मोबाईल हातात घेतला, तर टाईप काय झालं, "थँक यू सो मच मॅडम, तुमच्यामुळेच हे शक्य झालं, तुमचे उपकार कधीच विसरणार नाही." पाठवायच्या आधी एकदा वाचलं आणि जाणवलं की यात इंग्रजी कुठेच नाही, टेस्ट नाही आणि मॅडमसुद्धा नाहीत. मला गाडी शिकवली त्यांनाही हाच मेसेज जसाच्या तसा पाठवता आला असता. मग तो पुसला आणि दोन दिवस घेऊन नीट पत्र लिहिलं. तेच पत्र खाली देतेय आणि ते कसं जमवलं तेही सांगतेय, म्हणजे पहिल्यांदा असं पत्र लिहिणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

आधी माझी केस काय होती ते सांगते, नाहीतर पत्र समजणार नाही. मला ॲडमिशनसाठी ओव्हरऑल 6.5 हवे होते आणि कुठल्याच भागात 6 च्या खाली चालणार नव्हतं. पहिल्या वेळी लिसनिंग 7, रीडिंग 6.5, रायटिंग 5.5, स्पीकिंग 6.5 आले. चारांची सरासरी 6.375 येते, आयेल्ट्समध्ये ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात म्हणून ओव्हरऑल 6.5 दिसत होतं. म्हणजे वरून बघणाऱ्याला वाटेल झालं की काम, पण रायटिंगच्या 5.5 मुळे सगळं अडकलं. त्यानंतर मॅडमकडे गेले, तीन महिने फक्त रायटिंग केलं आणि दुसऱ्या वेळी 7.5, 7, 6.5, 7 आले, ओव्हरऑल 7.

पहिली पायरी: लिहायला बसू नका, जुन्या वह्या काढा

हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. मॅडमनी तपासलेले निबंध एका पिशवीत होते, ते सगळे तारखेप्रमाणे लावले आणि नुसते चाळले. शोधायचं काय, तर अशी एकच गोष्ट जी आधीच्या निबंधांत नाही आणि नंतरच्या निबंधांत आहे, आणि ती मॅडमनी सांगितल्यावर आलीय. ग्रामर, व्होकॅब्युलरी, कॉन्फिडन्स असली मोठी नावं नकोत, एखादी खूण, एखादं वाक्य, एखादी सवय हवी.

माझ्या बाबतीत ती लगेच सापडली. टास्क टूमध्ये, म्हणजे 40 मिनिटांत निदान 250 शब्दांचा जो निबंध असतो त्यात, बरेचदा प्रश्न दोन भागांत असतो. अमुक का होतंय आणि ते चांगलं की वाईट, अशा टाईपचा. मी "का होतंय" यावर पान भरून लिहायचे आणि "चांगलं की वाईट" ला शेवटी एक ओळ द्यायचे. रायटिंगचे चार निकष असतात आणि त्यातला पहिलाच हा आहे की विचारलेल्या सगळ्याचं उत्तर दिलंय का. तो अर्धवट राहिला की भाषा कितीही बरी असली तरी त्या निकषात बँड खालीच राहतो. मला वाटत होतं ग्रामरने घात केला, तर प्रॉब्लेम भलताच होता. आणि टास्क टूला टास्क वनच्या दुप्पट वजन असल्यामुळे तो चांगलाच महागात पडत होता.

वह्या नसतील, सगळं ऑनलाईन झालं असेल तर तपासून आलेल्या फाईल्स किंवा व्हॉइस नोट्स ऐका. त्यातही काहीच सापडलं नाही तर डोळे मिटून आठवा की टेस्टच्या हॉलमध्ये सरांचा आवाज कधी कानात आला. तो क्षण बहुतेक सगळ्यांकडे असतो.

दुसरी पायरी: किती दावा करायचा ते ठरवा

इथे बरेच जण घसरतात. "तुम्ही शिकवल्यामुळे माझ्या ग्रामरला 7 मिळाले" असं लिहितात, पण आयेल्ट्सच्या रिझल्टवर असे निकषांचे वेगळे बँड दिलेलेच नसतात, रायटिंगचा मिळून एकच आकडा येतो. ज्या मॅडम वर्षानुवर्षं हे शिकवतायत त्यांना ते वाक्य वाचताक्षणी खटकणार. आपल्याला खरं माहीत काय असतं, तर आधीचा आकडा, आत्ताचा आकडा आणि हॉलमध्ये आपण काय वेगळं केलं. तेवढंच लिहायचं. कशामुळे किती वाढलं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

तसंच "पास झाले" या शब्दाचं. आयेल्ट्समध्ये पास-नापास नसतंच, 0 ते 9 चे बँड असतात आणि आपल्याला हवा तो आकडा आला की आपण पास म्हणतो. घरी बोलताना ठीक आहे, पण पत्रात "मला हवे होते ते बँड आले" लिहिलं तर जास्त बरोबर. केंब्रिजच्या सी वन ॲडव्हान्स्ड किंवा सी टू प्रोफिशियन्सीसारखी परीक्षा दिली असेल तर मात्र पास म्हणायला हरकत नाही, तिथे पास होण्याचा स्कोअर ठरलेला असतो, सी वनला 180 आणि सी टूला 200.

आणि एक, टेस्टमध्ये आलेला प्रश्न पत्रात जसाच्या तसा उतरवू नका. टेस्टचा मजकूर बाहेर द्यायचा नाही ही अट आपण मान्य केलेली असते. "दोन भागांचा प्रश्न होता" एवढं पुरतं, मॅडमना बरोबर कळतं.

तिसरी पायरी: मायना

मराठीत पत्र लिहायचं म्हटलं की शाळेतलं ते "तीर्थरूप" आठवतं, पण ते आईवडिलांसाठी. घरच्या इतर वडीलधाऱ्यांना "तीर्थस्वरूप" लिहायचे. शिक्षकांना "आदरणीय मॅडम" किंवा "आदरणीय सर" सरळ आणि छान वाटतं. "गुरुवर्य" पण चालतं, फक्त तुमचं त्यांच्याशी रोजचं बोलणं तसं असेल तरच, एरवी क्लासमध्ये "मॅम, हे समजलं नाही" म्हणणाऱ्या मुलीने एकदम गुरुवर्य लिहिलं की दुसऱ्याच कुणी लिहून दिल्यासारखं वाटतं. पत्रभर "तुम्ही" ठेवा. मधेच "आपण" आणि मधेच "तुम्ही" असं झालं की वाचताना अडखळायला होतं.

आता पत्र.

---

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आयेल्ट्सचा रिझल्ट काल आला. ओव्हरऑल 7 आणि रायटिंग 6.5. मागच्या वेळी रायटिंग 5.5 वर अडकलं होतं, ॲडमिशनसाठी प्रत्येक भागात निदान 6 हवे होते, ते आता झाले. घरी सांगितल्यावर लगेच तुम्हाला लिहायला बसले.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हणाले होते, "मॅडम, माझं ग्रामर कच्चं आहे, तेवढं करून घ्या." तुम्ही माझे चार निबंध शांतपणे वाचलेत, एकाही चुकीवर खूण केली नाहीत, फक्त प्रत्येक प्रश्नाच्या शेजारी पेन्सिलने 2 लिहिलंत आणि माझ्या उत्तराच्या शेजारी 1. मी विचारलं हे काय, तर म्हणालात, "तुला दोन गोष्टी विचारल्यात, तू एकीचंच उत्तर दिलंयस." खरं सांगायचं तर तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं, कारण मी ग्रामरची पुस्तकं घेऊन आले होते. पण त्या रात्री सगळे जुने निबंध परत काढले आणि प्रत्येकात तेच दिसलं.

त्यानंतर एकच निबंध तुम्ही माझ्याकडून तीनदा लिहून घेतलात. तिसऱ्यांदा लिहिताना मी कंटाळले होते आणि ते तुम्हाला दिसत होतं, तरी तुम्ही सोडलं नाहीत. दर परिच्छेदानंतर "हा कशाचं उत्तर आहे?" एवढंच विचारायचात.

टेस्टच्या दिवशी टास्क टूचा प्रश्न वाचला आणि हात लगेच लिहायला गेला. तेवढ्यात तुमचा तो 2 आठवला. थांबले, प्रश्न परत वाचला, पेन्सिलने शेजारी 2 लिहिलं आणि पाच मिनिटं नुसतं कशात काय लिहायचं ते ठरवलं. अर्ध्यावर आल्यावर बघितलं तर पहिलाच भाग परत वाढत चालला होता, म्हणून एक उदाहरण सोडून दिलं आणि दुसऱ्या भागाला पूर्ण परिच्छेद दिला. शेवटी वाचायला चार मिनिटं उरली, असं माझं आधी कधीच झालं नव्हतं.

मी ग्रामर मागायला आले होते, तुम्ही मला प्रश्न वाचायला शिकवलंत. त्यासाठी मनापासून आभार. कॉलेजची पहिली असाइनमेंट आली की तिच्याही शेजारी आधी आकडा लिहीन.

तुमची विद्यार्थिनी,
(नाव, कुठल्या बॅचला होते ते)

ता.क. क्लासमध्ये नवीन मुलांना माझे बँड सांगायचे असतील तर नक्की सांगा, नावासकट चालेल. फोटो मात्र कुठे लावू नका, प्लीज.

---

आता यात काय का आहे ते. पहिल्या परिच्छेदातच बातमी आणि आकडे आहेत, कारण मॅडम पत्र उघडतात तेव्हा त्यांना आधी तेच हवं असतं, किती आले. त्यांना आभाराच्या दोन परिच्छेदांनंतर बँड शोधायला लावू नका. आणि आधीचा आकडा दिलाय, कारण नुसते 6.5 वाचून त्यांना काही कळत नाही, त्यांच्याकडे शंभर मुलं येतात, कोण कुठून कुठे आलं ते लक्षात नसतं. 5.5 वरून 6.5 म्हटलं की त्यांना लगेच तो पहिला दिवस आठवतो.

दुसरा परिच्छेद सगळ्यात मोठा आहे आणि तो असायलाच हवा. त्यात मॅडम काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत आहे. हे वाक्य आठवेल तसं लिहा, सुंदर करायला जाऊ नका. मी आधी "तू प्रश्नाला पूर्ण न्याय देत नाहीस" असं लिहिलं होतं, नंतर लक्षात आलं की मॅडम असं कधी बोलतच नाहीत. खोडलं. "थोडं वाईट वाटलं होतं" हे ठेवू की नको यावर मी बराच वेळ घालवला. ठेवलं, कारण ते खरं होतं, आणि शिकवणाऱ्याला हे कळायला हवं की त्यांनी न आवडणारी गोष्ट सांगितली तीच पुढे कामी आली. पण ते एकाच ओळीत ठेवा, तक्रारीसारखं लांबवू नका.

तिसऱ्यात मॅडमचे कष्ट आहेत. इथे "तुम्ही खूप मेहनत घेतली" असं लिहिण्याचा मोह होतो, त्याऐवजी काय केलं ते लिहा, तीनदा लिहून घेतलं, दर परिच्छेदानंतर एकच प्रश्न विचारला. मेहनत हा शब्द न लिहिताही मेहनत दिसते.

चौथा परिच्छेद म्हणजे या पत्राचा गाभा. मॅडमना वर्गातला अर्धा भाग माहीत असतो, हॉलमध्ये काय झालं ते त्या कधीच बघू शकत नाहीत, ते फक्त आपणच त्यांना सांगू शकतो. म्हणून तिथे मिनिटं दिलीत, अडचण दिलीय, ती कशी सोडवली ते दिलंय. तुमचं स्पीकिंगचं असेल तर पार्ट टूचं कार्ड हातात आल्यावर तयारीच्या त्या एका मिनिटात तुम्ही काय लिहिलंत, दोन मिनिटं बोलताना कुठे अडकलात आणि सरांनी सांगितलेलं काय वापरून पुढे गेलात, ते लिहा. लिसनिंगचं असेल तर एक उत्तर हुकल्यावर पुढच्या प्रश्नाकडे कसं वळलात ते. जागा बदलते, पद्धत तीच.

ता.क. म्हणजे ताजा कलम, पत्र संपल्यावर आठवलेलं लिहायची जागा. त्यात मी परवानगीचं घातलंय कारण क्लासवाले बरेचदा रिझल्ट शेअर करतात आणि नंतर नको म्हणायला संकोच वाटतो. याच कारणाने रिझल्टच्या कागदाचा फोटो पत्रासोबत जोडू नका. त्यावर तुमचा फोटो, जन्मतारीख, कँडिडेट नंबर असं सगळं असतं, मॅडमचा हेतू कितीही चांगला असला तरी फॉरवर्ड होत होत तो कुठे जाईल सांगता येत नाही. आकडे लिहिले की झालं.

आणि या पत्रात काही मागू नका. रेकमेंडेशन लेटर हवं असेल, भावाला ॲडमिशन द्यायची असेल, फीचं काही राहिलं असेल, ते आठ दहा दिवसांनी वेगळं विचारा. आभारानंतर शेवटच्या ओळीत मागणी आली की वरचं सगळं त्या मागणीसाठीच लिहिल्यासारखं वाटतं, तुमच्या मनात तसं नसलं तरी.

पत्र इंग्रजीत लिहायचं असेल तर

बऱ्याच जणांना वाटतं की इंग्रजीच्या मॅडम आहेत तर इंग्रजीतच लिहायला हवं. मला वाटतं ज्या भाषेत तुम्ही त्यांच्याशी मनातलं बोलायचात त्याच भाषेत लिहावं. पण त्यांना मराठी येत नसेल तर प्रश्नच नाही, आणि मग बांधणी हीच ठेवून इंग्रजीत लिहा, फक्त मराठी डोक्यातून येणाऱ्या चार चुका सांभाळा.

आपण "परीक्षा दिली" म्हणतो म्हणून "आय गेव्ह द टेस्ट" लिहितो. इंग्रजीत परीक्षा देणारा ती "टेक" करतो, म्हणून "आय टुक द टेस्ट". आपण "परीक्षेत पास झाले" म्हणतो म्हणून "आय पास्ड इन द टेस्ट" येतं, तिथे "इन" नको, "आय पास्ड द टेस्ट". "पास्ड आऊट" तर अजिबात नको, त्याचा साधा अर्थ बेशुद्ध पडले असा होतो. "थँक यू फॉर" नंतर क्रियापद आलं तर ते "आयएनजी" लावून, "थँक यू फॉर टीचिंग मी", "फॉर टीच मी" नाही. आणि शेवटी "आय लुक फॉरवर्ड टू" लिहिलं तर पुढे "हिअर" नाही, "हिअरिंग फ्रॉम यू". माझ्या एका मैत्रिणीने बँड 7 आल्याचं कळवणाऱ्या पहिल्याच ओळीत "आय गेव्ह" लिहिलं होतं आणि सरांनी अभिनंदनासोबत तेवढी एक दुरुस्ती करून पाठवली. त्यांनी प्रेमानेच केलं, पण तिला फार लागलं ते.

मायना इंग्रजीत "डिअर" आणि पुढे तुम्ही त्यांना हाक मारता ते नाव. "रिस्पेक्टेड मॅडम" आपल्याकडच्या शिक्षकांना चालतं, बाहेरच्या देशातल्या शिक्षकांना ते सरकारी अर्जासारखं वाटू शकतं.

कधी आणि कसं पाठवायचं

कागदावर टेस्ट दिली असेल तर निकाल साधारण 13 दिवसांनी येतो, कॉम्प्युटरवर दिली तर काही दिवसांतच. निकाल आला त्या दिवशी दोन ओळींचा मेसेज टाका, किती आले आणि सविस्तर लिहितेय असं, म्हणजे मॅडमना दुसऱ्याच कुणाकडून कळायला नको. मग पत्र आठवड्याभरात. मी तीन आठवडे थांबणार होते, छान सुचेल म्हणून, पण बरं झालं थांबले नाही, कारण हॉलमधले बारकावे फार लवकर पुसट होतात, आज मला चार मिनिटं उरली होती हे फक्त पत्रात लिहिलंय म्हणून आठवतंय.

हाताने लिहिलंत तर उत्तम, पान दीड पान पुरे. ईमेल केलात तरी चालेल, सब्जेक्टमध्ये "आभार" एवढंच न लिहिता "आयेल्ट्स रायटिंग 5.5 वरून 6.5" असं लिहा. मेसेजवरच पाठवायचं असेल तर पूर्ण पत्र एकाच मेसेजमध्ये जाऊ दे, सात तुकड्यांत नको, आणि क्लासच्या ग्रुपवर नको, ज्यांचा रिझल्ट अडकलाय तेही तो ग्रुप वाचत असतात.

पाठवायच्या आधी एक तपासणी करा. पत्रातून मॅडमचं नाव, क्लासचं नाव काढून टाका आणि वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या. हे कुणाला लिहिलंय ते तिला ओळखता आलं तर पाठवा. माझ्या मैत्रिणीने "पेन्सिलने 2" इथपर्यंत वाचलं आणि मॅडमचं नाव घेतलं.